आमच्या पाच जणांची ओळख

सासूबाईंनी चष्मा लावून आमच्या केंद्राचं माहितीपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, नीट घडी घातली आणि मला विचारलं, "ह्या दोघी शिकाऊ आहेत का गं?"

ह्या दोघी म्हणजे आमची ओटी आणि आमची स्पीच थेरपिस्ट. ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, शुद्ध मराठीत व्यवसायोपचार तज्ज्ञ. एक गेली बारा-तेरा वर्षं या कामात आहे आणि दुसरी दहा. दोघी पदव्युत्तर पदवी घेतलेल्या. मी हसले, पण नंतर स्वयंपाकघरात उभी राहून तेच पत्रक पुन्हा वाचलं आणि हसू गेलं. सासूबाई या दोघींना कधी भेटलेल्या नाहीत. त्यांनी फक्त छापलेलं वाचलं होतं आणि छापलेलं तसंच होतं.

आमचं मुलांच्या विकासाचं छोटंसं केंद्र नाशकात आहे. उशिरा बोलणारी, शाळेत मागे पडणारी, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं येतात. आम्ही पाच जण आहोत. बालरोगतज्ज्ञ डॉक्टर, ओटी, स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षिका म्हणजे मी, आणि समन्वयक ताई. ताई फोन घेतात, वेळा ठरवतात, आणि रडणाऱ्या आईला आधी पाणी देतात.

पत्रक करायचं ठरलं तेव्हा आम्ही सगळ्यात सोपा मार्ग धरला होता. ज्याने त्याने आपला परिचय लिहून द्यायचा, मी एकत्र करून छापायला द्यायचा. बारसं करणं सोपं, पुढचं कठीण म्हणतात तसं झालं! आलेले मजकूर मी जसेच्या तसे लावले. डॉक्टरांचे साधारण १४० शब्द, माझे ८५, स्पीच थेरपिस्टचे ६०, ओटीचे ३५ आणि ताईंचे पंधरा. यात कोणाचाच वाईट हेतू नव्हता. डॉक्टरांना असं लिहायची सवय होती, परिषदा आणि पुरस्कारांची यादी त्यांच्याकडे तयारच होती. ओटी लाजरी, तिने लिहिलं, "मुलांसोबत खेळायला आणि त्यांच्याकडून शिकायला मनापासून आवडतं." ताईंनी लिहिलं, "सगळ्यांना लागेल ती मदत करते."

यात बिघडलं काय? कोणाचा मान राहिला नाही म्हणून मी हे लिहीत नाहीये. आमच्या कामात डॉक्टर मुलाला तीन महिन्यांतून एकदा बघतात आणि ओटी आठवड्यातून दोनदा. मुलात जो फरक पडायचा तो त्या दोनदांमध्ये पडतो. पण एक बाबा सरळ म्हणाले, "डॉक्टर स्वतः असतील त्या दिवशीच आणतो, बाकी काय, खेळच घेतात ना." ते मूल चार महिने थेरपीला आलं नाही. आता हे सगळं पत्रकामुळे झालं असं मी म्हणणार नाही, आपल्याकडे डॉक्टरांपुढे बाकी सगळे कंपाउंडर हीच रीत आहे. पण "खेळायला आवडतं" हे आम्हीच छापलं होतं, आणि त्या बाबांनी आमचाच शब्द आम्हाला परत केला होता.

म्हणून दुसऱ्या छपाईच्या आधी मी पाचही परिचय एका मोठ्या कागदावर शेजारी शेजारी चिकटवले. एकाखाली एक वाचताना जे दिसत नाही ते शेजारी ठेवल्यावर लगेच दिसतं. मी पेन्सिलने फक्त क्रियापदं अधोरेखित केली. डॉक्टर "निदान करतात", "स्थापना केली", "मार्गदर्शन करतात". मी "शिकवते". स्पीच थेरपिस्ट "प्रयत्न करते". ओटीला "आवडतं". ताई "मदत करते". शब्दांची संख्या ही वरवरची गोष्ट होती, खरी उतरंड क्रियापदांत होती. ज्याला नुसतं आवडतं त्याच्याकडे कोण कशाला आपलं मूल सोपवेल?

आणि मराठीने यात आपली भर घातलेलीच. डॉक्टर "करतात" आणि आम्ही बायका "करते". एकाच पानावर एकाला आदरार्थी बहुवचन आणि चौघींना एकेरी! आम्ही स्वतःबद्दल प्रथमपुरुषात लिहिलेलं मी तृतीयपुरुषात बदलताना तसंच राहून गेलं होतं. मीच ते केलं होतं, आणि मला ते टोचलंही नव्हतं. विशेषणांचंही तेच. डॉक्टर "अनुभवी", "नामवंत". आम्ही "हसतमुख", "मनमिळाऊ", "प्रेमळ". प्रेमळ असणं चांगलंच आहे, पण बाकी काहीच न सांगता नुसतं प्रेमळ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, सांगण्यासारखं दुसरं काही नसेल.

मग नावामागची उपाधी. एकाच्या मागे "डॉ.", माझ्या आणि ताईंच्या मागे "सौ.", उरलेल्या दोघींच्या मागे काहीच नाही. "सौ." ने माझं लग्न झालंय एवढंच कळतं, मुलाला वाचायला शिकवता येतं की नाही ते कळत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये वैद्यकीय व्याख्यानांच्या चित्रफिती तपासून केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. वक्त्याची ओळख करून देणारा पुरुष असेल, तर पुरुष वक्त्याला त्याने पहिल्यांदा "डॉक्टर" म्हणून संबोधण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्के होतं, आणि स्त्री वक्तीला सुमारे ४९ टक्के. पदव्या सगळ्यांकडे होत्या. आमचे डॉक्टर सज्जन गृहस्थ आहेत, पण पालकांसमोर ते ओटीला नावाने हाक मारतात आणि ती त्यांना सर म्हणते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

ओटीलाही "डॉ." लावून टाकू, असा एक सोपा उपाय सुचवला गेला. पण थेरपिस्टांनी "डॉ." लावावं का, हा वाद मोठा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टांनी ही उपाधी लावू नये असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. ज्यात सरकारचंच ठरत नाही त्यात आपण पत्रकावर कशाला पडा? शिवाय समतोल साधण्यासाठी कोणाला फुगवलं की एक खोटेपणा शिरतो आणि तो पालकांना वास येतो. आम्ही उलटं केलं. मथळ्यात सगळ्यांचं नुसतं नाव आणि आडनाव. कोणालाच उपाधी नाही. शिक्षण आणि नोंदणी खाली, सगळ्यांची एकाच जागी, एकाच आकाराच्या अक्षरात.

आता लिहायचं कसं? आपापला परिचय आपणच लिहिला की लाजरा माणूस कमी लिहितो आणि सवयीचा माणूस जास्त, हे कळलं होतंच. म्हणून आम्ही जोड्या लावल्या आणि एकमेकांना प्रश्न विचारून समोरच्याचा परिचय लिहिला. प्रश्न चारच, आणि पाचही जणांना तेच. एक, पालक पहिल्यांदा तुमच्याकडे येतात तेव्हा नक्की काय होतं? दोन, शिक्षण काय आणि नोंदणी कुठे? तीन, हे काम कोणत्या सालापासून? चार, इथलं असं काय आहे जे तुमच्यामुळेच आहे? उत्तर ५५ ते ६५ शब्दांत, नाही तर कात्री.

सालाचा प्रश्न मुद्दाम तसा घातला. "बारा वर्षांचा अनुभव" असं छापलं की पत्रक तीन वर्षं खपत राहतं आणि आकडा तिथेच अडकतो. शिवाय मोठे आकडे शेजारी ठेवले की शर्यत लागते. "२०१३ पासून" हे साधं विधान आहे आणि ते शिळं होत नाही.

ओटीचा परिचय डॉक्टरांनी लिहिला. हे मी मुद्दाम जुळवलं होतं, कबूल करते. अर्धा तास ते तिच्या खोलीत बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, "ती काय बघते ते मला इतक्या वर्षांत नीट माहीतच नव्हतं." जे तयार झालं ते असं:

"मूल पेन्सिल धरत नाही, जिन्याला घाबरतं, केस विंचरू देत नाही, बटण लावता येत नाही, अशा अडचणींवर काम करतात. पहिल्या भेटीत पाऊण तास मुलाला खेळू देऊन त्याच्या हालचाली तपासतात आणि घरी करायच्या दोन गोष्टी पालकांना करून दाखवतात. व्यवसायोपचारात पदव्युत्तर पदवी, राज्याच्या ओटी-पीटी परिषदेकडे नोंदणी. लहान मुलांसोबत २०१३ पासून. केंद्रातली झोपाळ्यांची खोली यांनी आखली आहे."

खेळ यातही आहे, बघा. पण आता तो कशासाठी आहे हे कळतं. "खेळायला आवडतं" आणि "खेळू देऊन हालचाली तपासतात" यात त्या बाबांचे चार महिने आहेत.

डॉक्टरांचा परिचय ओटीने लिहिला. पुरस्कार गेले, परिषदा गेल्या. डॉक्टर जरा गप्प झाले. मला त्यांचं वाईटही वाटलं, कारण ते सगळं त्यांनी कष्टाने मिळवलेलं आहे. मग त्यांनीच आठवण काढली की डॉक्टरांनी स्वतःची जाहिरातबाजी करू नये असं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहेच, आणि पहिल्या पत्रकाच्या वेळीही त्यांना थोडं अवघडलं होतं. तोड अशी निघाली की पाचही जणांची सविस्तर माहिती एका फायलीत बाहेरच्या टेबलावर ठेवायची. ज्याला खोलात जायचंय त्याने ती वाचावी, पत्रक सगळ्यांचं सारखं राहील. त्यांच्या परिचयाचं शेवटचं वाक्य मात्र मला सगळ्या पत्रकातलं सर्वात मोलाचं वाटतं: "थेरपिस्ट आणि शिक्षिकेच्या नोंदी वाचल्याशिवाय मुलाची पुढची तपासणी करत नाहीत." हे खरं आहे, ते खरंच तसं करतात. लोकांचा डॉक्टरांवर विश्वास असतो तो काही आपण बदलणार नाही. पण तो विश्वास त्यांच्याच वाक्यातून बाकीच्यांपर्यंत पोचू शकतो, आणि त्यात त्यांचं काही कमी होत नाही.

स्पीच थेरपिस्टचं आणि माझं सोपं होतं. आमच्या दोघींची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, १९९२ च्या कायद्याने ती सक्तीची आहे आणि तिचं नूतनीकरण करत राहावं लागतं. पहिल्या पत्रकात आम्ही ती लिहिलीच नव्हती! डॉक्टरांच्या मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीइतकीच ती कायदेशीर गोष्ट आहे, पण आम्हाला वाटलं, कोणाला काय समजणार. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं असतं तेही कधी कधी मागे ठेवतात आणि मग कोणी विचारत नाही म्हणून कुढतात. "प्रयत्न करते" खोडून तिथे "मूल काय समजतं आणि काय बोलतं याची वेगवेगळी तपासणी करतात" असं आलं.

अडलं ते ताईंपाशी. चारपैकी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. पदवी बारावीनंतर राहून गेलेली, नोंदणी कुठलीच नाही. तिथे आम्ही काय करायचं? कुठला तरी आठ दिवसांचा अभ्यासक्रम शोधून "प्रमाणित" लिहायचं? मी म्हटलं, "ताई, तुम्ही स्वतः अशा मुलाच्या आई आहात, हे लिहू. याच्याहून मोठी पदवी कुठली?" मला वाटलं होतं त्यांना आवडेल. त्या जरा वेळाने म्हणाल्या, "मॅडम, तो आता सोळा वर्षांचा आहे. त्याच्या शाळेतले लोकही हे पत्रक वाचतील. माझं काम लिहा ना, त्याचं कशाला?"

मला फार ओशाळल्यासारखं झालं. त्यांना बाकीच्यांच्या बरोबरीने उभं करण्याच्या नादात मी त्यांच्या मुलाचं निदान त्यांचं प्रमाणपत्र म्हणून छापायला निघाले होते. एखाद्या आईला ते स्वतःहून सांगावंसं वाटतं, ती गोष्ट वेगळी. पण डॉक्टरांना आम्ही घरचं काही विचारलं नव्हतं. मलाही नाही. मग त्यांनाच का?

म्हणून मी त्यांना पहिला आणि चौथा प्रश्न जास्त वेळ विचारला, आणि एक दिवस त्यांच्या शेजारी बसून फोन ऐकले. एका फोनवर आई नुसती "माझा मुलगा बोलत नाही" म्हणाली. ताईंनी पाच मिनिटांत वय, हाक मारल्यावर वळून बघतो का, कानाची तपासणी झाली आहे का, झटके येतात का, हे सगळं गप्पा मारल्यासारखं विचारून घेतलं. झटके येतात म्हटल्यावर पुढच्या आठवड्याची वेळ दुसऱ्या दिवशीवर आणली. हे मला जमलं नसतं. त्यांचा परिचय असा झाला:

"तुमचा पहिला फोन या घेतात. मुलाची माहिती विचारून आधी कोणाला भेटायचं आणि किती लवकर, हे डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या यादीप्रमाणे ठरवतात. कोणते कागद आणायचे, सरकारी योजनेचा अर्ज कुठे मिळतो, हे यांना विचारावं. केंद्रात २०१५ पासून. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी भरणारी पालकांची बैठक यांनी सुरू केली आणि त्याच चालवतात."

शिक्षणाची ओळ यात नाही. नाही म्हणजे नाही. सगळ्यांची विश्वासार्हता सारखी वाटावी याचा अर्थ सगळ्यांकडे सगळं आहे असं भासवावं, असा होत नाही. निदान फक्त डॉक्टर करतात, औषध फक्त तेच देतात, आणि हे त्यांच्या परिचयात पहिल्याच वाक्यात स्वच्छ लिहिलं आहे. बाकी कोणाच्या परिचयात "निदान" हा शब्द येऊ दिला नाही, माझ्याही. फरक लपवला तर एखादी आई चुकीच्या दारात चुकीचा प्रश्न घेऊन उभी राहील. आपापल्या दारापुरतं प्रत्येकावर विसंबता येतं, एवढंच सारखं हवं.

मग क्रम. ज्येष्ठतेने लावला की डॉक्टर पहिले आणि ताई शेवटी. आडनावांच्या आद्याक्षरांनी लावला तर भांडण नाही, पण वाचणाऱ्याला काही कळत नाही. आम्ही मूल ज्या वाटेने जातं तो क्रम लावला. आधी फोन, म्हणून ताई. मग डॉक्टर, ओटी, स्पीच, आणि शाळेची तयारी करणारी मी शेवटी. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे मी दुसरा!" ओटी पटकन म्हणाली, "सर, शाळेत कधी दुसरा नंबर आला नसेल ना?" सगळे हसले आणि तो विषय तिथे मिटला. फोटोही सगळ्यांचे एकाच भिंतीपुढे, छातीपर्यंत, एकाच उंचीवरून काढले. डॉक्टरांचा पांढरा कोट काढून ठेवला. तो तसाही ते मुलांना तपासताना घालत नाहीत, मुलं रडतात.

छापण्याआधी परीक्षा सासूबाईंचीच. नावं आणि फोटो झाकून कागद दिला आणि तीन प्रश्न विचारले. मुलाला बटण लावता येत नसेल तर कोणाकडे नेशील? औषध कोण देतं? यातला शिकाऊ कोण वाटतो? पहिल्या दोन्हींची उत्तरं बरोबर आली. तिसऱ्यावर त्यांनी कागद उलटसुलट केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "ही शेवटची. हिच्यात सगळं गुळमुळीत आहे." मी स्वतःच्या परिचयात "विविध पद्धतींचा वापर करून सर्वांगीण विकास" असं लिहून ठेवलं होतं. बाकीच्यांना सोलून काढताना माझ्या वाक्याला मी कात्री लावलीच नव्हती. खोडलं, आणि लिहिलं, "मूल सध्या किती वाचतं, लिहितं, मोजतं हे पाहून शाळेशी बोलतात."

असा समतोल फार टिकत नाही. चार महिन्यांनी कोणाला तरी नवीन प्रमाणपत्र मिळतं आणि एवढं एक वाक्य घाला म्हणून निरोप येतो. म्हणून आमचा आता एक नियम आहे. आपल्या परिचयातली चूक कोणीही कधीही दुरुस्त करावी, पण भर घालायची ती वर्षातून एकदा, जून महिन्यात, पाचही जण एका टेबलाभोवती बसून. यंदा पहिला नवीन पुरस्कार माझाच होता. जूनपर्यंत थांबलाय बिचारा.

नव्या पत्रकाने किती फरक पडला हे मला सांगता येणार नाही, तेवढे दिवसच झालेले नाहीत. परवा एका आईने फोनवर ताईंना सांगितलं की झोपाळ्यांच्या खोलीवाल्या बाईंची वेळ हवी आहे. ओटीने हे ऐकून काही म्हटलं नाही, पण दुपारी ती झोपाळ्यांचे दोर पुसत होती.